कंपाऊंड वॉल वाऱ्यात का पडते? पिलरचं अंतर आणि फुटिंगची खोली ठरवण्याची पद्धत

एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस येण्याआधी थोडा वेळ जोराचा वारा सुटतो. पाऊस नंतर येतो, भिंती त्याआधीच पडलेल्या असतात. अशी पडलेली कंपाऊंड वॉल जवळ जाऊन पाहिली, तर ती का पडली हे बहुतेक वेळा तिथेच कळतं.

पिलर उभे आहेत आणि दोन पिलरमधली भिंत आडवी झाली आहे, तर पिलर फार लांब-लांब होते किंवा भिंत पिलरला बांधलेलीच नव्हती. पिलर जमिनीलगत मोडले आहेत, तर त्यांच्यात पुरेशी सळई नव्हती. भिंत आणि पिलर एकसंध राहून सगळंच मुळापासून कललं आहे, वारा ज्या बाजूने आला तिकडे पायाजवळ जमिनीत फट पडली आहे, तर फुटिंग, म्हणजे पिलरखालचा काँक्रीटचा पाया, अरुंद किंवा उथळ होतं. वारा आधी भिंतीवर, भिंतीकडून पिलरवर आणि पिलरकडून फुटिंगवर येतो. या साखळीत जी कडी कच्ची असेल तिथून भिंत जाते. म्हणून या तिन्ही गोष्टी त्याच क्रमाने पाहू. उदाहरण म्हणून ६ फूट उंच, ६ इंची सॉलिड ब्लॉकची भिंत घेऊ. प्लॉटिंगमध्ये आणि शेताच्या बांधावर सध्या अशाच भिंती जास्त होतात.

घराची भिंत पडत नाही, मग कंपाऊंडची का पडते

घराच्या भिंतीला वरून स्लॅब दाबून धरतो आणि दोन्ही टोकांना आडव्या भिंती आधार देतात. कंपाऊंड वॉलला वरून कोणी धरत नाही आणि आडवा आधारही नसतो. ती फक्त स्वतःच्या वजनावर उभी असते, आणि हे वजन लोकांना वाटतं तेवढं कामाला येत नाही.

हिशोब सोपा आहे. ६ इंची, ६ फूट उंच ब्लॉकच्या भिंतीचं वजन एका धावत्या फुटाला साधारण १७५ किलो भरतं. भिंत उलटायची तर ती आपल्या खालच्या कडेवर उलटते, आणि वजन त्या कडेपासून फक्त ३ इंच, म्हणजे पाव फूट आत असतं. म्हणजे भिंतीला सावरणारा जोर झाला १७५ गुणिले पाव, सुमारे ४४ किलो-फूट.

आता वारा. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे, मुंबई आणि नागपूरसाठी ४४. कंपाऊंड वॉलसारख्या कामाला हा वेग थोडा कमी धरायची मुभा आहे. पुण्याला तो ०.७६ ने गुणला की साधारण ३० मीटर, म्हणजे ताशी १०७ किलोमीटर होतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या ०.६ पट धरतात (न्यूटनमध्ये, दर चौरस मीटरला) आणि मोकळ्या उभ्या भिंतीसाठी तो सुमारे १.३ ने वाढवतात, कारण पुढून ढकलण्याबरोबर वारा मागून ओढतोही. हे सगळं धरून दाब येतो चौरस मीटरला ७० किलो, म्हणजे चौरस फुटाला साडेसहा किलो. मुंबईच्या हिशोबाने तो ८० किलोच्या थोडा वर जातो.

आपल्या भिंतीच्या एका धावत्या फुटावर ६ चौरस फूट जागा आहे. तिच्यावर ३९ किलो वारा येतो आणि तो सरासरी ३ फुटांवर लागतो. उलटवणारा जोर झाला ११७ किलो-फूट, आणि सावरणारा आहे ४४. नुसत्या वजनावर ही भिंत उभी राहूच शकत नाही. उलटा हिशोब केला तर ताशी ६५ किलोमीटरच्या आसपासच्या झोतातच ती उलटायला लागते. साडेचार इंची विटेची भिंत ४८ च्या आसपास, आणि ९ इंची भिंत ९५ च्या आसपास. जाडी दुप्पट केली की वजन दुप्पट आणि कडेपासूनचं अंतरही दुप्पट होतं, म्हणून ताकद चौपट होते; पण वाऱ्याचा दाबही वेग दुप्पट झाला की चौपट होतो, म्हणून तग धरायचा वेग दुप्पटच वाढतो.

सिमेंट मसाल्याची पकड थोडी मदत करते, पण तिच्यावर भिस्त ठेवू नये. विशेषतः तळाशी ओल अडवायला प्लॅस्टिकचा कागद किंवा डांबरी थर टाकला असेल तर त्या सांध्यात पकड नसतेच. कितीतरी भिंती बरोबर त्याच थरावरून, सुरीने कापल्यासारख्या सरळ रेषेत पडलेल्या दिसतात.

उंचीबद्दल एक गोष्ट मनात पक्की ठेवा: वाऱ्याचा उलटवणारा जोर उंचीच्या वर्गात वाढतो. ६ फुटांच्या भिंतीवर नंतर ३ फूट पत्रा किंवा हिरवी नेट लावली की जोर दीडपट न होता सव्वादोन पट होतो. भिंत दहा वर्षं नीट उभी होती आणि यंदाच पडली, असं कोणी सांगितलं की आधी वर काही लावलं होतं का ते विचारावं. जाहिरातीचा फ्लेक्सही यातच आला.

पिलरचं अंतर

पिलर आल्यावर भिंतीचं काम बदलतं. आता ती एका पिलरपासून दुसऱ्या पिलरपर्यंत आडव्या फळीसारखी वाकते आणि वाऱ्याचा भार दोन्ही बाजूंच्या पिलरवर टाकते. फळी जितकी लांब तितकी ती जास्त वाकते, आणि हेही अंतराच्या वर्गात वाढतं. ८ फुटांऐवजी १२ फूट अंतर ठेवलं तर भिंतीवरचा वाकवणारा जोर सव्वादोन पट होतो.

विटकाम दाबाला चांगलं पण ताणाला फार कमजोर असतं. भारतीय मानक १९०५ प्रमाणे १:५ मसाल्यातल्या चांगल्या बांधकामाला अशा आडव्या वाकण्यात चौरस मिलिमीटरला फक्त ०.१४ न्यूटन ताण चालतो. चौरस मीटरला ७० किलो वारा धरून हिशोब केला तर ६ इंची भिंतीत पिलर ८ फुटांवर असतील तेव्हा ताण ०.१३ येतो, म्हणजे जेमतेम मर्यादेत. १० फुटांवर तो ०.२१ होतो आणि १२ फुटांवर ०.३०. प्रत्यक्षात सर्रास १० ते १२ फुटांवर पिलर घेतले जातात. भिंत चांगली वाटते, वर्षानुवर्षं उभीही राहते, कारण तेवढा झोत रोज येत नाही.

हाच हिशोब इतर जाडीला लावला की लक्षात ठेवण्याजोगे आकडे मिळतात: साडेचार इंची भिंतीला ६ फूट, ६ इंचीला ८ फूट, ९ इंचीला १२ फूट. ही अंतरं पिलरच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजायची. मुंबई, कोकण किनारा किंवा नागपूरच्या वाऱ्याला प्रत्येकात एक फूट कमी करा. ब्लॉक किंवा वीट कमजोर असेल तर आणखी एक फूट कमी करा, कारण ०.१४ हा आकडा मजबूत, १० न्यूटन ताकदीच्या ब्लॉकला आहे आणि बाजारात मिळणारे बरेच ब्लॉक त्याच्या निम्म्यालाही पोचत नाहीत. तपासायला दोन ब्लॉक एकमेकांवर आपटून पाहा. खणखणीत आवाज यायला हवा. कोपरा नखाने झडत असेल तर तो ब्लॉक कंपाऊंडला घेऊ नका.

भिंतीच्या मोकळ्या टोकाशी, म्हणजे गेटजवळ किंवा जिथे कंपाऊंड एकदम संपतं तिथे, वारा टोकाला वळसा घालून जातो आणि दाब मधल्या भागापेक्षा बराच जास्त येतो. म्हणून शेवटचा गाळा, म्हणजे दोन पिलरमधला भाग, छोटा ठेवायचा. मधले गाळे ८ फुटांचे असतील तर टोकाचा ५ फुटांचा करा. कोपऱ्यावर भिंत काटकोनात वळते तिथे ही काळजी नाही. तिथे दोन्ही भिंती एकमेकींना धरतात, फक्त कोपऱ्यात पिलर हवा.

अंतर बरोबर ठेवूनही भिंत पिलरमधून सुटून पडते, याचं कारण सांधा. पद्धत अशी पडली आहे की पिलर आधी ओतायचे, फळ्या काढायच्या आणि मग दोन गुळगुळीत पिलरच्या मधे ब्लॉक बसवायचे. भिंत आणि पिलरच्या मधे सरळ उभा सांधा राहतो, त्यावर गिलावा होतो आणि तो दिसेनासा होतो. वर्षभरात तिथे केसासारखी उभी चीर येते. ही चीर प्रत्येक पिलरच्या दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत दिसत असेल तर ती भिंत पिलरला टेकली आहे, बांधलेली नाही.

याला दोन उपाय आहेत. चांगला उपाय म्हणजे उलट क्रम: पिलरची सळई उभी करायची, भिंत आधी बांधायची, पिलरच्या जागी एकाआड एक थर दोन इंच आत-बाहेर दाते ठेवायचे आणि मग पिलर ओतायचा. काँक्रीट दात्यांत शिरतं आणि भिंत-पिलर एकजीव होतात. यात फक्त पुढे-मागे दोनच फळ्या लागतात, म्हणजे सेंट्रिंगही वाचतं. मात्र पिलर ओतेपर्यंत भिंत अगदी निराधार असते. म्हणून तीन-साडेतीन फूट भिंत झाली की तेवढा पिलर ओतून घ्यायचा, मगच पुढे चढायचं. पूर्ण ६ फूट भिंत उभी करून पिलर पुढच्या आठवड्यावर ढकलला आणि मधेच वळीव आला, तर ताजी भिंत जाते.

दुसरा उपाय पिलर आधी ओतायचे असतील तेव्हाचा. ओततानाच पिलरमधून ८ मिलिमीटरचे तुकडे प्रत्येक तिसऱ्या थराच्या उंचीवर, म्हणजे दर दोन फुटांवर बाहेर काढून ठेवायचे. ते भिंतीच्या मसाल्यात दीड फूट आत जायला हवेत. राहून गेले असतील तर भोक पाडून केमिकलने सळई बसवता येते, पण त्यात भोकातली धूळ फुंकून पूर्ण काढली नाही तर सळई हाताने ओढली तरी निघते.

पिलर स्वतः किती मजबूत हवा

८ फूट गुणिले ६ फूट म्हणजे ४८ चौरस फूट, त्यावर साडेसहा किलोने ३१२ किलो. एवढा वारा एका पिलरवर येतो आणि जमिनीलगत ३ फुटांच्या हिशोबाने ९३६ किलो-फूट जोर पडतो. ९ बाय ९ इंची नुसत्या विटेच्या पिलरला हा जोर झेपत नाही. त्यात येणारा ताण विटकामाला चालणाऱ्या ताणाच्या दहा पटींहून जास्त आहे. जाड दिसतो म्हणून विटेचा पिलर भरवशाचा मानू नये. ६ फूट भिंतीला सळईचाच पिलर लागतो.

९ बाय ९ इंची काँक्रीटचा पिलर, त्यात १२ मिलिमीटरच्या चार सळया, ८ मिलिमीटरच्या रिंगा ६ इंचांवर, काँक्रीट १:१.५:३. एवढ्यात हे काम आरामात होतं. वारा दोन्ही बाजूंनी येतो, म्हणून चारही कोपऱ्यांत सळई हवी. सळई फुटिंगच्या जाळीवर एल आकारात वाकवून बसवायची आणि तिथून वरपर्यंत शक्यतो अखंड न्यायची. जोड द्यायचाच असेल तर जमिनीलगत देऊ नका, कारण सगळ्यात जास्त जोर तिथेच पडतो. जमिनीलगत पिलरना जोडणाऱ्या प्लिंथ बीममधून नुसते दीड-दोन फुटांचे तुकडे वर काढून त्यावर पिलर उभे केलेली कंपाऊंड दिसतात. ती मोडतात तेव्हा नेमकी त्या तुकड्यांजवळ मोडतात.

फुटिंग: खोली, रुंदी आणि प्लिंथ बीम

फुटिंग म्हटलं की लोक फक्त खोली विचारतात. उलटण्याच्या हिशोबात मात्र आधी रुंदी आणि वजन येतं. पिलरसकट फुटिंग उलटायचं तर ते आपल्या कडेवर उलटतं. कडा मध्यापासून जितकी लांब आणि फुटिंगवर जितकं वजन जास्त, तितकं ते घट्ट.

आधी नेहमी होणारं काम पाहू. पिलर १२ फुटांवर, फुटिंग २ बाय २ फूट, खड्डा २ फूट. पिलरच्या मधे नुसत्या रबलवर भिंत चढवलेली, प्लिंथ बीम नाही. पिलरवर येणारा वारा ४६८ किलो. फुटिंगच्या तळापासून तो ५ फुटांवर लागतो, म्हणून उलटवणारा जोर २३४० किलो-फूट. सावरायला काय आहे? भिंतीचं वजन रबलवर, म्हणजे थेट जमिनीवर गेलं. ते पिलरच्या फुटिंगवर नाही. फुटिंगवर फक्त पिलर, काँक्रीट आणि वरची माती मिळून ७०० किलो आहे, आणि कडा १ फुटावर, म्हणजे ७०० किलो-फूट. भिंत स्वतःच्या तळावर सावरते त्याचे आणखी सुमारे ५१०. एकूण १२१०, लागतात २३४०. उरलेलं सगळं पिलरच्या कडेची माती धरून ठेवते. उन्हाळ्यात कडक असलेली माती ते करतेही. पाऊस मुरून ती मऊ झाली की पिलर दर पावसाळ्यात थोडा-थोडा सरकतो. म्हणून अशी कंपाऊंड एकदम पडत नाही. ती तीन-चार वर्षं कलत जाते.

आता नीट केलेलं काम. पिलर ८ फुटांवर, फुटिंग ३ बाय ३ फूट आणि १० इंच जाड, तळ जमिनीपासून ३ फूट खाली, आणि जमिनीलगत सगळ्या पिलरना जोडणारा ६ बाय ९ इंची प्लिंथ बीम, ज्यावर भिंत चढते. बीममुळे भिंतीचं वजन आता पिलरवर आणि पिलरमधून फुटिंगवर येतं. भिंतीचे सुमारे १२३०, बीमचे १८५, पिलरचे ३२५, फुटिंगचे ५०० आणि फुटिंगवर दाबलेल्या मातीचे ७८५; सगळे मिळून ३००० किलोच्या वर. कडा दीड फुटावर, म्हणजे सावरणारा जोर ४५०० किलो-फूट. उलटवणारा जोर ३१२ गुणिले ६, म्हणजे १८७२. जवळजवळ अडीच पट राखीव ताकद, तीही कडेच्या मातीची मदत न धरता. दोन पट असली की भिजलेल्या मातीतही भिंत जागची हलत नाही. दीडपटीच्या खाली जाऊ नये.

हेच काम २ बाय २ च्या फुटिंगवर २ फूट खोलीत, पण बीमसकट केलं तर राखीव ताकद जेमतेम १.३ ते १.४ पट राहते. म्हणजे बीम असूनही अरुंद फुटिंग पुरेसं होत नाही.

मग खोली कशाला? नुसती खोली वाढवली तर वाऱ्याचा हात, म्हणजे फुटिंगच्या तळापासून वारा लागतो तिथपर्यंतचं अंतर, लांब होतो, त्याने फायद्यापेक्षा तोटा होईल असंही वाटेल. पण खोलीने तीन गोष्टी मिळतात. फुटिंगवर जास्त माती बसते. पावसाने मऊ होणाऱ्या वरच्या थराच्या खाली तळ जातो. आणि उद्या कोणी भिंतीलगत पाण्याची पाइपलाइन किंवा गटार खणलं तर फुटिंग उघडं पडत नाही. मुरूम लागणाऱ्या जमिनीत ३ फूट पुरतात. दोन फुटांवरच पक्का खडक लागला तर आणखी खोदू नका. खडकात सळया रोवून त्यावर फुटिंग घ्या. भरावाच्या जमिनीत मात्र भराव संपेपर्यंत खाली जावंच लागतं. भरावावर ठेवलेलं ३ फुटांचं फुटिंग वाऱ्याची वाट न पाहता स्वतःहूनच खचतं.

काळ्या मातीत

सोलापूर, मराठवाडा, विदर्भ या भागांत काळी माती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरच्या तीन-चार फुटांत ही हालचाल सगळ्यात जास्त असते. उन्हाळ्यात पिलरच्या कडेला भेग पडते तेव्हा त्याला बाजूने धरायला माती उरत नाही, आणि वळवाचा वारा नेमका तेव्हाच येतो.

मुरूम ५ फुटांच्या आत असेल तर खड्डा मुरमापर्यंतच न्यावा आणि फुटिंग त्यावर ठेवावं. खोली वाढली की वाऱ्याचा हात लांबतो, म्हणून फुटिंग साडेतीन फुटांचं करावं. मुरूम त्याहून खाली असेल तर उघड्या खड्ड्यापेक्षा ऑगरने पाडलेले खोल पाइल परवडतात, पण त्यांची खोली आणि व्यास माती पाहून इंजिनिअरकडूनच ठरवून घ्यावेत.

प्लिंथ बीमखालची माती हा इथला दुसरा प्रश्न. बीम सरळ काळ्या मातीवर ओतला तर पावसाळ्यात माती फुगून त्याला खालून उचलते. भिंतीत तिरक्या चिरा पडतात आणि त्या चिरांतूनच पुढे वारा भिंत फोडतो. बीमखाली तीन इंच पोकळी ठेवायची. ओतताना तिथे सैल वाळू भरा आणि फळ्या काढल्यावर ती उकरून टाका; दोन्ही बाजूंना फरशीचा तुकडा उभा लावला की माती परत आत जात नाही.

कामाचा क्रम

उदाहरणासाठी ९६ फुटांची एक बाजू घेऊ. ८ फुटांचे १२ गाळे, १३ पिलर. दोन्ही टोकांना कोपरे आहेत असं धरलं आहे.

१. दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून दोरी बांधा आणि पिलरचे मध्य फक्कीने टाका. खड्डे साडेतीन फूट रुंद आणि ३ फूट ४ इंच खोल, म्हणजे तळाला ४ इंच पीसीसी, म्हणजे बिनसळईचं साधं काँक्रीट, घेऊन फुटिंग ३ फुटांवर बसतं. फुटिंग आपल्या हद्दीत राहायला हवं. शेजारी अडचण असेल तर पिलर कडेला सरकवून फुटिंग एकतर्फी करण्याचा मोह होतो. तसं केलं की शेजाऱ्याच्या बाजूची कडा मध्यापासून दीड फुटावरून चार-पाच इंचांवर येते आणि त्या बाजूला भिंत सहज उलटते. त्यापेक्षा भिंतच सव्वा फूट आत घ्या.

२. प्रत्येक खड्ड्याचा तळ स्वतः पाहा. खड्डा खणून झाल्यावर तळाला पहारीचा एक जोरदार घाव घाला. पहार दोन-तीन इंच जाऊन टण् करत थांबली तर तळ चांगला. पाऊण फूट आत गेली तर आणखी खाली जायला हवं. सुटी माती आणि साचलेलं पाणी काढल्याशिवाय पीसीसी टाकू देऊ नका.

३. पीसीसी १:४:८. त्यावर १० मिलिमीटरची जाळी दोन्ही बाजूंनी ६ इंचांवर, खाली दोन इंचांचे कव्हर ब्लॉक ठेवून. दगडाच्या चिपा ठेवू नका, त्या सरकतात आणि सळई पीसीसीवर टेकते. पिलरची सळई ओळंब्यात उभी करून बांधा आणि फुटिंग ओता.

४. पिलर जमिनीपर्यंत ओतून झाले की खड्डे सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून धुमसून भरा. हिशोबात धरलेले ७८५ किलो याच मातीचे आहेत, आणि मातीने पिलरला बाजूने धरणंही यावरच अवलंबून आहे. एका दमात ढकललेली माती पहिल्या पावसात फूटभर बसते.

५. प्लिंथ बीम ६ बाय ९ इंच, १० मिलिमीटरच्या चार सळया, ८ मिलिमीटरच्या रिंगा ६ इंचांवर. सळया प्रत्येक पिलरच्या आतून आरपार न्या. गेटखालूनही बीम अखंड ठेवा, त्याने गेटचे दोन्ही पिलर एकमेकांना धरतात.

६. भिंत १:५ मसाल्यात, दिवसाला चार फुटांपेक्षा जास्त नाही. उभे सांधे मसाल्याने पूर्ण भरा. ब्लॉकच्या कडांना नुसती मसाल्याची लपेट लावून मध्य पोकळ सोडलेला असेल, तर आडव्या वाकण्याला जो सांधा तोलायचा तोच नसतो.

७. वरून ४ इंच जाडीची काँक्रीट पट्टी, ८ मिलिमीटरच्या दोन सळया, पिलरच्या सळईला बांधलेल्या. पट्टीने पिलरची डोकी जोडली जातात आणि वरच्या थरात पाणी मुरत नाही.

८. काँक्रीटला आणि भिंतीला किमान सात दिवस, सकाळ-संध्याकाळ पाणी. उन्हाळ्यात ब्लॉक मसाल्यातलं पाणी शोषून घेतात. पाणी न मारलेला सांधा खिळ्याने खरवडला की वाळूसारखा गळतो.

९६ फूट ही लांबी एका सलग तुकड्याला चालते. भिंत त्यापुढे जात असेल तर साधारण दर १०० फुटांवर पाऊण इंचाची फट ठेवून दोन्ही बाजूंना वेगळे पिलर घ्या. उन्हाने भिंत लांबते-आखडते आणि फट नसेल तर ती आपल्या सोयीने कुठेतरी चिरते.

ठेकेदार म्हणेल की १३ ऐवजी ९ पिलरमध्ये काम होतं. चार पिलर फुटिंगसकट वाचवले की सिमेंटच्या १३-१४ गोण्या आणि साधारण ९० किलो सळई वाचते. एवढ्या वाचवणुकीसाठी भिंतीतला ताण मर्यादेच्या दुप्पट होतो. खर्च खरंच कमी करायचा असेल तर उंची कमी करा: ४ फूट भिंत आणि त्यावर २ फूट लोखंडी ग्रिल. ४ फुटांच्या भिंतीवर वाऱ्याचा जोर ६ फुटांच्या निम्म्याहून कमी असतो, आणि ग्रिलमधून वारा बराचसा निघून जातो.

उभी भिंत धोक्यात आहे का, हे कसं ओळखायचं

वरच्या कडेपासून ओळंबा सोडा आणि वर-खाली भिंतीपासून दोरीचं अंतर मोजा. प्रत्येक गाळ्याच्या मधे आणि प्रत्येक पिलरवर मोजून भिंतीवरच पेन्सिलने आकडा आणि तारीख लिहा. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. ६ इंची भिंतीचा माथा दोन इंच बाहेर गेला, म्हणजे जाडीच्या एक तृतीयांश, की वारा नसतानाही तिच्या एका बाजूला ताण सुरू होतो. दोन इंचांच्या आत असूनही आकडा दर वर्षी वाढत असेल तर फुटिंग सरकतंय असं समजा.

पिलर ओळंब्यात आणि मधला गाळा पोट काढलेला, तर अंतर जास्त आहे. वाऱ्याच्या बाजूने, जमिनीपासून एक-दोन थरांवर आडवी चीर गाळाभर धावत असेल तर भिंत त्या चिरेवर डुलते आहे. अशा भिंतीपासून मुलं खेळायची जागा, गाडी, शेड लांब न्या. नंतर दुरुस्तीचा विचार करा. भिंतीच्या एका बाजूला माती किंवा विटांचा ढीग टेकवलेला असेल तर तो आधी काढा. वाऱ्याच्या हिशोबात बांधलेली भिंत मातीचा रेटा झेलायला बांधलेली नसते.

दुरुस्तीत कललेली भिंत जॅक किंवा जेसीबीने ढकलून सरळ करू नका. माथा सरळ होतो आणि तळाचा सांधा मोकळा होतो, मग ती पुढच्या झोताला जाते. पिलर ओळंब्यात असतील आणि फक्त अंतर १२ फूट असेल, तर प्रत्येक गाळ्याच्या मध्यावर नवा पिलर टाकता येतो. त्या गाळ्याला दोन्ही बाजूंनी बल्ल्यांचे तिरके टेकू द्या. दहा इंच रुंदीचा उभा चर कापा, दोन्ही कडांना दाते ठेवा. खाली ३ फुटांचं फुटिंग खणा, सळई उभी करा आणि वरपर्यंत ओता. एकाआड एक गाळा घ्या, शेजारचे दोन एकाच वेळी कधीही उघडू नका, आणि टेकू सात दिवस काढू नका. पिलरच कलले असतील तर नवा पिलर टाकून उपयोग नाही. तेवढा भाग उतरवून फुटिंगपासून पुन्हा करावा लागतो. उतरवताना वरच्या थरापासून, एक-एक ब्लॉक काढत खाली या. निम्मी भिंत ढकलून पाडली तर उरलेले गाळे ओढले जाऊन कलतात.